रात्री दोनचा पहारा

हदगाव तालुक्यातल्या कुठल्याही देवस्थानचा वर्धापनदिन जवळ आला की पत्रिका छापून येते. वर देवाचा फोटो, खाली सात रात्रींच्या सात कीर्तनकारांची नावं, त्याखाली अन्नदात्यांची यादी, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘पहारेकरी : समस्त गावकरी मंडळी’. लोक कीर्तनकारांची नावं वाचतात, कुठल्या दिवशी कोण आहे ते पाहतात आणि पत्रिका घडी घालून ठेवतात. आमच्या मंदिराच्या सप्ताहात पहाऱ्याची वही गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ती सांभाळताना माझं मत पक्कं झालं, की सप्ताह उभा राहतो तो त्या तळाच्या ओळीवर. म्हणून हा लेख त्या ओळीविषयी.

आपल्याकडे वर्धापनदिन म्हणजे बहुधा अखंड हरिनाम सप्ताहच. पहिल्या दिवशी सकाळी कलशपूजन आणि वीणापूजन होतं, वीणा एकाच्या गळ्यात घातली जाते, आणि तिथून आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन होईपर्यंत ती जमिनीवर ठेवायची नाही. वीणा गळ्यात घेऊन उभा राहणारा तो विणेकरी. त्याच्या बाजूला टाळकरी, आणि सगळ्यांच्या मुखी नाम. कीर्तन चालू असो, पंगत बसलेली असो, मांडवात कुत्रंही जागं नसो, वीणा कुणाच्या तरी खांद्यावर असलीच पाहिजे. ‘अखंड’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे, आणि तो पाळायला माणसं लागतात.

किती लागतात, याचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहावा. सात दिवसांचे तास १६८. पहारा दोन तासांचा, म्हणजे ८४ पहारे. एका पहाऱ्याला एक विणेकरी आणि किमान चार टाळकरी धरले तर पाच माणसं. सगळ्या मिळून ४२० पाळ्या. एका माणसाने आठवड्यात तीन पाळ्या केल्या तरी १४० माणसं हवीत. छोट्या गावात नाम घेणारी, टाळ धरता येणारी आणि वेळेला येणारी १४० माणसं सहज मिळत नाहीत. म्हणून जुनी रीत अशी, की शेजारच्या गावांना दिवस वाटून द्यायचे. निवघ्याकडची मंडळी एक दिवस, तळणीची एक दिवस, मनाठ्याची एक दिवस. त्यांच्या सप्ताहाला आपण जायचं, आपल्या सप्ताहाला त्यांनी यायचं. ही देवाणघेवाण वहीत लिहिलेली नसते, पण गावाने एक वर्ष चुकवली तर पुढच्या वर्षी आपली वही रिकामी राहते.

दिवसाच्या पहाऱ्यांची काळजी नसते. मांडवात माणसं असतात, आमच्याकडे दुपारचे दोन पहारे बाया घेतात आणि वेळेआधी पाच मिनिटं येऊन उभ्या राहतात. अडचण रात्रीची. कीर्तन संपल्यावर दहा ते बारा, बारा ते दोन आणि दोन ते चार असे तीन पहारे. सात रात्रींचे एकवीस. पाच माणसांप्रमाणे १०५ पाळ्या. पहिल्या रात्री उत्साह असतो, शेवटच्या दोन रात्री काल्याची ओढ असते. वही उघडून पाहिली तर तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीचे दोन ते चारचे रकाने कोरे दिसतात.

ते भरताना मी काही गोष्टी शिकलो. त्यातली मोठी गोष्ट शेतीच्या विजेची. आमच्या भागात शेतीपंपाची थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री, अशी फिरत येते. सप्ताहाच्या आठवड्यात ज्या फिडरला रात्रपाळी आहे, त्या शिवारातला माणूस रात्री दोनला हरभऱ्याला पाणी देत असतो. तो विणेला येणार कसा? एका वर्षी मी हे न पाहता नावं लिहिली. चौथ्या रात्री दोन वाजता बाराचा विणेकरी एकटाच उभा होता. बदली आली नाही. साडेतीनपर्यंत तो उभा राहिला आणि मग काकड्याच्या मंडळींपैकी एकजण लवकर उठून आला. त्या रात्री त्या माणसाने बसायचंसुद्धा टाळलं. तेव्हापासून नावं लिहिण्याआधी मी त्या आठवड्याचं विजेचं वेळापत्रक मागवतो आणि ज्या शिवाराला दिवसाची वीज आहे त्यांना रात्रीचे पहारे देतो. हळदीच्या दिवसांत आणखी एक पथ्य : ज्याच्या घरी हळद शिजवणं चालू आहे त्याचं नाव रात्रीला धरायचं नाही. तो ‘हो’ म्हणेल, कारण देवाच्या कामाला नाही म्हणवत नाही, पण दिवसभर कढईजवळ उभा राहिलेल्या माणसाला झोप आवरत नाही.

पहारा ढिला पडतोय हे कानाला आधी कळतं. आधी टाळ एका हाताचा होतो, मग नामाची लय ओढली जाते, मग टाळ थांबतो आणि एकट्या विणेकऱ्याचा आवाज उरतो. माझं घर मंदिराच्या जवळ आहे. टाळ थांबला की मला जाग येते. म्हणून आता प्रत्येक रात्रीसाठी दोन राखीव माणसं मांडवातच झोपतात. रात्रीच्या पाचांत एक तरी म्हातारा आणि एक तरी पोरगा असावा, हेही बघतो. म्हाताऱ्याला झोप कमी असते आणि पोराच्या आवाजात जोर असतो.

वीणा बदलण्याची पद्धत साधी आहे. नवा विणेकरी हातपाय धुऊन, कपाळाला गंध लावून येतो. दोघे एकमेकांच्या पाया पडतात. मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि नाम मध्ये तुटत नाही. नव्याने आधी सुरू करायचं, मग जुन्याने थांबायचं. पाहुण्याने त्या वेळी मधून जाऊ नये, फोटोसाठी त्यांना थांबवू नये. नमस्कार करायचा असेल तर बदली झाल्यावर करावा.

दिवसाचा क्रम पत्रिकेत असतोच. पहाटे चार ते सहा काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन किंवा प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. त्यात पारायणाचं गणित चुकतं, कारण अध्याय समान नाहीत. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या. सातने भागलं तर रोजच्या साधारण १,३०० येतात. पण एकटा अठरावा अध्याय अठराशेच्या आसपास आहे आणि तेरावा साडेअकराशेच्या वर. जो ‘रोज अडीच अध्याय’ असं लिहितो, त्याची पहिल्या दिवसाची पोथी लवकरच संपते आणि शेवटच्या दिवशी दुपार झाली तरी वाचक उठत नाहीत. आम्ही पहिल्या दिवशी चार अध्याय घेतो, दुसऱ्या दिवशी पाच ते आठ, तिसऱ्याला नऊ ते अकरा, चौथ्याला बारा-तेरा, पाचव्याला चौदा ते सोळा. सहाव्या दिवशी सतरावा आणि अठराव्याचा अर्धा भाग. सातव्या दिवशी उरलेल्या नऊशे ओव्या. त्या दिवशी दुपारी ग्रंथदिंडी गावातून निघते, म्हणून तो दिवस हलका ठेवलेला बरा.

रात्रीच्या कीर्तनाला सरकारी नियमाचीही चौकट आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण ते दिवस शासन ठरवतं, गाव नव्हे. म्हणून कीर्तन आठला उभं राहायला हवं, नऊला नाही. काकडा तर बिनस्पीकरचाच. काही मंडळींना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही. गावात दहावी-बारावीची पोरं असतात, बाळंतिणी असतात, आणि पहाटेचं नुसतं टाळ-पखवाजाचं भजन जितकं कानाला लागतं तितकं भोंग्यातलं लागत नाही.

पंगतीबद्दल बोलताना मन जड होतं. आपल्याच जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला फेब्रुवारी २०२४ मध्ये एकादशीच्या प्रसादानंतर दोन हजारांहून जास्त माणसांना उलट्या-जुलाब झाले. श्रद्धेने बसलेली माणसं दवाखान्यांत झोपवावी लागली. तेव्हापासून स्वयंपाकाच्या जागेला आम्ही पहाऱ्याइतकंच महत्त्व देतो. सुट्टी, दळलेली भगर आणायची नाही; ओलसर भगरीत बुरशी धरते आणि ती शिजवूनही धोका जात नाही. हजार माणसांमागे तांदूळ क्विंटलभर लागतो, पण तो एकदम शिजवून ठेवायचा नाही. पंगत बसेल तसा घाणा उतरवायचा. सकाळची उरलेली भाजी संध्याकाळच्या भाजीत मिसळायची नाही, हे आचाऱ्याला आधीच बजावायचं. वाढप्यांनी हात धुतले का हे बघायला एक वेगळा माणूस असतो, आणि तो कुणाचाही रोष पत्करू शकेल असाच निवडतो.

अन्नाच्या बाबतीत आमच्याच तालुक्यातल्या तामशाकडे बघावं. तिथल्या बारालिंग मंदिरात संक्रांतीनंतर करीच्या दिवशी भाजी-भाकरीची पंगत होते. भाकरी गावोगावच्या चुलींवर थापल्या जातात, लोक त्या बांधून आणतात. सगळ्या भाज्यांची मिळून एक भाजी होते. हजारो माणसं तेच खातात. नगर-संभाजीनगरकडे गंगागिरी महाराजांच्या सराला बेटाच्या सप्ताहातही आमटी-भाकरीचीच रीत आहे. भाकरीला पाणी सुटत नाही, ती लवकर विटत नाही, आणि ज्या बाईने ती थापली तिचाही सेवेत वाटा पडतो. बुंदीचे घाणे काढण्यापेक्षा ही रीत मला मोठी वाटते. शेवटच्या दिवशी गोड हवंच, पण मधल्या दिवसांत भाकरी घरोघरून गोळा केली तर खर्च अर्ध्यावर येतो.

येणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. चपला दारात ओळीने काढाव्यात, पंगतीच्या वाटेवर नकोत. कीर्तन उभं राहायच्या आधी येऊन बसावं. बुवांच्या समोरून जाऊ नये, उठायचंच असेल तर मागून. मोबाईल बंद ठेवावा. पंगतीत ‘पुंडलिक वरदे’चा गजर होईपर्यंत घास उचलू नये, आणि घ्याल तेवढं संपवावं. देणगी दिली तर पावती मागावी. ट्रस्ट नोंदणीकृत आहे, वर्षाचा हिशोब तपासून घ्यावा लागतो. पावती मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही.

पुण्याला, हैदराबादला, नांदेडला गेलेली आपली पोरं काल्याला येतात, पाच हजारांची पावती फाडतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. पावतीबद्दल आभार. पण बाबांनो, यंदा दोन दिवस आधी या. चौथ्या रात्रीचा दोन ते चारचा रकाना अजून कोरा आहे. टाळ मंदिरातच मिळतील.