वहीतील मोठा शब्द

चौथीच्या एका विद्यार्थ्याने ‘आमचे गाव’ या निबंधात लिहिले होते : “३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या प्रलयंकारी भूकंपाने आमचे गाव उद्ध्वस्त झाले व नंतर त्याचे पुनर्वसन करण्यात आले.” वाक्य निर्दोष आहे. ते त्याचे आहे काय, एवढाच आमच्यापुढील प्रश्न होता.

अशा वेळी आपली नजर प्रथम ‘पुनर्वसन’ या शब्दावर जाते, आणि तेथेच आपण फसतो. लातूर शहरातील मुलाला तो कठीण वाटेल. परंतु किल्लारीत जुन्या व नव्या गावाची गोष्ट ऐकतच मूल वाढते. हा शब्द त्याने आजीच्या तोंडून ऐकलेला असतो, ‘माळवद’ ऐकावे तसा. शब्दाची काठिण्यपातळी इयत्तेवरून नव्हे, तर मुलाच्या घरावरून ठरवावी लागते.

उसनेपणाची खूण आम्हांस दुसरीकडे दिसली, ती ‘करण्यात आले’ या क्रियापदात. नऊ वर्षांचे मूल ‘गाव नवीन बांधून दिलं’ असे म्हणते. कर्ता लपविणारी ही रचना वर्तमानपत्राची व मार्गदर्शक पुस्तकांची आहे. याच मुलाच्या वहीतील मागील पानांवर ती कोठेही नव्हती.

आम्ही त्याला वर्गात उभे केले नाही. सायंकाळच्या अभ्यासिकेत शेजारी बसवून प्रथम ‘पहाट’ म्हणजे काय, हे विचारले. केवळ अवघड शब्दच विचारले, तर मुलाला ती उलटतपासणी वाटते व ते गप्प होते. ‘पहाट’ त्याने सहज सांगितली. ‘उद्ध्वस्त’ म्हणजे “सगळं पडलं, भिंतीचे दगडसुद्धा,” असे तो म्हणाला. शब्द नवा असला, तरी अर्थ त्याच्या हाती होता. मग आम्ही म्हणालो, “काल प्रलयंकारी पाऊस रिमझिम पडला, बरोबर आहे का रे?” अर्थ ठाऊक असलेले मूल येथे हसते. हा हसला नाही. “बरोबर आहे, गुरुजी,” म्हणाला. थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितले, की ते वाक्य आठवीतल्या दादाने सांगितले होते.

आम्ही त्यावर लाल रेघ मारली नाही. ‘उद्ध्वस्त’ तसाच राहू दिला आणि ‘प्रलयंकारी’च्या जागी त्याला ठाऊक असलेले लिहावयास सांगितले. त्याने लिहिले : “गणपती बुडवून लोक झोपले होते, तेव्हा भूकंप झाला.” हे त्याच्या आजोबांनी सांगितलेले होते.

एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्याने वाचताना शब्द अडखळला, म्हणजे तो उतरवलाच, असे समजू नये. पुष्कळ वाचणाऱ्या मुलाने एखादा शब्द केवळ डोळ्यांनी पाहिलेला असतो, कानांनी ऐकलेला नसतो. त्याचा उच्चार चुकतो, अर्थ चुकत नाही. अशा मुलाला तो शब्द आपण एकदा नीट म्हणून दाखवावा.