वैद्यक परिषदेच्या नोटिशीला उत्तर

भिलाईतील एखाद्या डॉक्टरच्या टपालात रायपूरहून छत्तीसगढ वैद्यक परिषदेची नोटीस येते. कोणा रुग्णाने तक्रार केलेली असते आणि तिचे लेखी उत्तर मुदतीत मागितलेले असते. अशा वेळी आपली पदवी आणि लौकिक यांचे वर्णन करण्याचा मोह अनावर होतो. परंतु परिषद विचारते ते एवढेच : त्या घटकेला डॉक्टरला काय दिसले आणि त्यावरून त्याने काय केले? म्हणून उत्तर घड्याळाच्या क्रमाने लिहावयाचे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पोलाद कारखान्यातील एक कामगार दुसरी पाळी आटोपून रात्री १०.४० वाजता दवाखान्यात येतो. बेंबीभोवती दुखत असते. डॉक्टर औषध देऊन त्याला घरी पाठवितात. दुसऱ्या दिवशी दुपारी अपेंडिक्स फुटल्याचे आढळून अन्यत्र त्याच्यावर शस्त्रक्रिया होते. ‘डॉक्टरांनी मला तपासलेच नाही,’ ही त्याची तक्रार.

उत्तराचा पहिला परिच्छेद १०.४०चा. ताप नव्हता, पोट मऊ होते, उजव्या बाजूस दाबल्यावर दुखत नव्हते. दुखणे उजवीकडे सरकल्यास तत्काळ परत यावे, असे सांगितले. प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या कागदावर आहे, हे लिहावे. दुसऱ्या परिच्छेदात दुपारची स्थिती यावी. अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरते. त्यामुळे रात्रीची व दुपारची तपासणी भिन्न असूनही दोन्ही खऱ्या असू शकतात. वेळा गाळल्या, की तोच फरक हलगर्जीपणासारखा दिसतो.

येथे एक अडचण येते. बाह्यरुग्णाची चिठ्ठी त्याच्याबरोबरच घरी जाते. डॉक्टरजवळ बहुधा नोंदवहीतील एखादी ओळ उरते. २००२ च्या आचारनियमांनी दाखल रुग्णांचे कागद ३ वर्षे जपण्यास सांगितले आहे. हा रुग्ण तर दाखलच नव्हता. तेव्हा तक्रारीला जोडलेल्या कागदांच्या प्रती प्रथम परिषदेकडे मागाव्यात आणि त्या पाहूनच उत्तर पुरे करावे.

समजा, सकाळी दूरध्वनीवर चौकशी केल्याचे डॉक्टरला आठवते, पण तशी नोंद नाही. मग ‘मला असे आठवते, लेखी नोंद नाही,’ असेच लिहावे. ती ओळ मागाहून नोंदवहीत घातली आणि शाई किंवा क्रम यांवरून ते उघडकीस आले, तर १०.४०ची खरी नोंदही संशयास्पद ठरते. तक्रारदाराच्या स्वभावावर वा हेतूवर एक शब्दही खर्चू नये. सूचना चिठ्ठीवर लिहिलेली नसेल, तर ती दिल्याचे सिद्ध करणे कठीण आहे, हेही अशा उत्तरातून स्पष्ट होते. परिषदेला निर्णय द्यावयाचा असतो तो नेमक्या त्याच जागी.