गर्भवती सून रात्री मोठ्याने घोरते, दिवसा पेंगते? आधी बीपी मोजून घ्या

परभणी : पोटुशी बाई दुपारी दोन घास खाता खाता पेंगली, तर घरात एकच उत्तर मिळतं, 'दिवस गेलेत, झोप येणारच.' पहिल्या तीन महिन्यांत ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण सहाव्या-सातव्या महिन्यात रात्रभर झोपूनही दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल आणि रात्री घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात असेल, तर हा 'स्लीप ॲपनिया' असू शकतो.

घोरणं आणि ॲपनिया एक नाही

गर्भारपणात संप्रेरकांमुळे नाकाच्या आतली त्वचा सुजते, वजन वाढतं, अंगात पाणी साठतं. त्यामुळे श्वासाची वाट अरुंद होऊन कधी न घोरणारी बाईही घोरायला लागते. त्यातल्या बऱ्याच जणींना ॲपनिया नसतो.

ॲपनियात गळ्यातली वाट झोपेत पुन्हा पुन्हा मिटते. श्वास दहा सेकंद किंवा जास्त वेळ अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे जागं होणं तिला सकाळी आठवतही नाही. म्हणून 'मी तर आठ तास झोपले' असं ती म्हणते, आणि तरी दिवसा पेंगते. प्रत्येक वेळी श्वास अडला की बीपी उसळी घेतो. गर्भारपणात नव्यानेच घोरायला लागलेल्या बायकांमध्ये बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. ॲपनिया असलेल्या गर्भवतींमध्ये गर्भारपणातली साखरही जास्त आढळते.

रक्त वाढलं, तरी झोप जाईना

आपल्याकडे थकवा म्हटलं की पहिला संशय रक्त कमी असल्याचा, आणि तो बरोबरच आहे. पण चूक पुढे होते. समजा, सोनपेठ तालुक्यातल्या एका सुनेचं पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ होतं. लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या, सातव्या महिन्यात ते ११.२ झालं. तरी ती भाजी निवडताना झोपते, सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. कार्डावर बीपी पूर्वी ११०/७०, आता १३६/८८.

इथे थांबून विचारायला पाहिजे, 'रात्री घोरतेस का?' पण हे तिला माहीत नसतं. साक्षीदार असतो शेजारी झोपणारा नवरा किंवा सासू. नवऱ्याने मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. त्यात जोराचं घोरणं, मग पंधरा सेकंद एकदम शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. डॉक्टरांना हा व्हिडिओ फार कामाचा. तिला सांगून काढा, आणि दुसऱ्या कोणाला पाठवू नका.

दवाखान्यात काय होतं?

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. कार्ड आणि व्हिडिओ तिथे दाखवा. डॉक्टर बीपी, लघवीतलं प्रोटीन, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि नाक-घसा बघतील. संशय राहिला तर झोपेच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवतील. त्यात बोटाला, नाकाला आणि छातीला सेन्सर लावून रात्रभर नोंद घेतात. सुई नाही, दुखत नाही. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर ॲपनिया नाही. तीस किंवा जास्त म्हणजे तीव्र.

त्रास जास्त असेल तर 'सीपॅप' मशीन देतात. नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन ते गळ्याची वाट उघडी ठेवतं. त्यात औषध नसतं, गर्भारपणात ते वापरता येतं. पण मशीन लागलं म्हणून बीपीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

तोवर कुशीवर झोपा, उताणं नको. उशाकडची बाजू थोडी उंच करा. नाक चोंदत असेल तर दवाखान्यातून मिठाच्या पाण्याचे थेंब घ्या. झोपेची गोळी मनाने घेऊ नका, तिने गळा आणखी ढिला पडतो. सिझर ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याचं आधीच सांगा.

९ तारखेची वाट कधी बघायची नाही?

बीपी १४०/९० किंवा वर, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. झटका आला किंवा श्वास लागला तर लगेच १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतर घोरणं बऱ्याचदा कमी होतं. नाही झालं, तर बाळाला पाजताना आईचा डोळा लागण्याची भीती असते. म्हणून बाळंतपणानंतरच्या तपासणीतही ते सांगा.