दुप्पट किती वेळा?

पोस्टात किसान विकास पत्र घ्यायला गेलात तर व्याजाच्या दरापेक्षा एकच आकडा जास्त ऐकू येतो: एकशे पंधरा महिन्यांत दुप्पट. आज हजार रुपये ठेवा, नऊ वर्षं सात महिन्यांनी दोन हजार घेऊन जा. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेला हा हिशेब आहे आणि त्यामागचा दर आहे वर्षाला साडेसात टक्के, दरवर्षी चक्रवाढ.

हे एकशे पंधरा महिने कुठून आले ते पाहू. पहिल्या वर्षी हजारावर ७५ रुपये व्याज मिळतं. सरळव्याज असतं तर दरवर्षी तेवढेच ७५ मिळाले असते आणि पैसे दुप्पट व्हायला तेरा वर्षं चार महिने लागले असते. चक्रवाढीत पहिल्या वर्षाचे ७५ मुद्दलात मिसळतात, म्हणून दुसऱ्या वर्षी व्याज १०७५ रुपयांवर बसतं आणि ८० रुपये ६२ पैसे होतं. फरक साडेपाच रुपयांचा. कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही असा. पण नवव्या वर्षापर्यंत एका वर्षाचं व्याज १३४ रुपयांच्या जवळ पोचतं. नऊ वर्षांअखेर रक्कम १९१७ होते, त्यावर पुढच्या सात महिन्यांचे ८४ धरले की २००१. एक महिना आधी मोजलंत तर दोन हजार भरत नाहीत.

एवढी आकडेमोड टाळायची असेल तर ७२ ला साडेसातने भागा. उत्तर येतं ९.६ वर्षं, म्हणजे एकशे पंधरा महिनेच. २०१४ साली ही योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा दर ८.७ टक्के होता आणि मुदत १०० महिने. ७२ चा नियम ९९ महिने सांगतो. २०२० मध्ये दर ६.९ वर उतरला तेव्हा मुदत १२४ महिने झाली, नियमाने १२५ येतात. १९८८ मध्ये पहिल्यांदा ही पत्रं निघाली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. नियम उलटा लावला, ७२ ला साडेपाचने भागलं, की त्या काळचा दर कळतो: तेरा टक्क्यांच्या वर. हा उलटा हिशेब आज जास्त उपयोगाचा आहे. कोणी 'तीन वर्षांत दामदुप्पट' म्हणत दारात आला तर तो वर्षाला चोवीस टक्क्यांच्या आसपास कबूल करतोय, हे त्याचा चहा संपायच्या आत समजतं.

व्हेनिसमध्ये १४९४ साली छापलेल्या लुका पाचोली यांच्या गणिताच्या ग्रंथात हा नियम आहे, पण तो का चालतो याचा खुलासा तिथे नाही. खरा आकडा ६९.३ च्या आसपासचा. पण व्याज वर्षातून एकदाच मिसळत असेल तर तो थोडा वर सरकतो, आणि आठ टक्क्यांच्या जवळपास ७२ जवळजवळ तंतोतंत बसतो. शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी भाग जातो. फार चढ्या दराला मात्र नियम चुकतो: ३६ टक्क्यांना तो दोन वर्षं सांगतो, प्रत्यक्षात सव्वादोन लागतात.

आता लवकर बचतीकडे येऊ. दोघी बहिणी धरा. थोरलीने पंचविसाव्या वर्षापासून दर वर्षाच्या सुरुवातीला बारा हजार टाकले, दहा वर्षं टाकले आणि मग नोकरी सुटली म्हणून थांबली. धाकटीने पस्तिसाव्या वर्षी सुरू केलं आणि तेवढेच बारा हजार सलग तीस वर्षं भरले. दर दोघींना ७.२ टक्के, म्हणजे नियमाप्रमाणे दर दहा वर्षांनी दुप्पट. थोरलीने भरले एक लाख वीस हजार, धाकटीने तीन लाख साठ हजार. पासष्टाव्या वर्षी कोणाकडे जास्त?

दहा वर्षांच्या बचतीचा व्याजासकट जो गठ्ठा होतो तो १ लाख ७९ हजारांचा. थोरलीकडे पस्तिशीत असा एक गठ्ठा आहे. पंचेचाळिशीत त्याचे दोन, पंचावन्नला चार, पासष्टीला आठ. धाकटीचा पहिला गठ्ठा पंचेचाळिशीत तयार होतो. पंचावन्नला त्याचे दोन होतात आणि नव्या बचतीचा एक मिळून तीन. पासष्टीला तिनाचे सहा आणि नवा एक, एकूण सात. थोरलीकडे १४ लाख ४४ हजार, धाकटीकडे १२ लाख ६० हजार. तिप्पट पैसे भरूनही धाकटी मागे.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. उशीर झाला की सुरुवातीची दहा वर्षं बुडाली असं आपल्याला वाटतं, आणि तेव्हा व्याज तरी कितीसं मिळणार होतं म्हणून त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. पण उशीर करणाऱ्याच्या वाट्याला सुरुवातीची बारीक दुप्पट येतेच, फक्त दहा वर्षं मागाहून. हातून सुटते ती शेवटची दुप्पट, चाराचे आठ करणारी. थोरलीच्या साडेचौदा लाखांतले सव्वासात लाख शेवटच्या दहा वर्षांतच आलेले आहेत.

अर्थात हे चित्र दरावर उभं आहे, आणि त्याबद्दल बचतीच्या जाहिराती गप्प असतात. हाच हिशेब पाच टक्क्यांनी केला तर थोरलीकडे ६ लाख ८५ हजार आणि धाकटीकडे ८ लाख ३७ हजार होतात. धाकटी पुढे जाते. पाच टक्क्यांना दुप्पट व्हायला चौदा वर्षांहून जास्त लागतात, त्यामुळे चाळीस वर्षांत पुरेशा दुपटी बसतच नाहीत.

आणि हातात पडणारा दर पाचाच्या जवळ यायला फार काही लागत नाही. किसान विकास पत्राचं व्याज करपात्र आहे. तीस टक्के कर भरणाऱ्याच्या हाती साडेसातातले सव्वापाचच उरतात, म्हणजे त्याची दुप्पट सुमारे चौदा वर्षांची. महागाईलाही हाच नियम लागतो. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य चार टक्के महागाईचं आहे; तेवढीच राहिली तरी अठरा वर्षांत भाव दुप्पट होतात आणि चाळीस वर्षांत जवळजवळ पाचपट. थोरलीच्या साडेचौदा लाखांची किंमत मग आजच्या तीन लाखांएवढी राहते. तीन लाख हा आकडा जाहिरातीत शोभत नाही, पण सव्वा लाख भरून खरेदीची ताकद अडीचपट झाली हेही काही कमी नाही.

चाळीस वर्षं एकच दर कोणी लिहून देत नाही. त्यातल्या त्यात जवळचा नमुना म्हणजे पीपीएफ: एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर, आणि व्याज करमुक्त. तिथे प्रत्येक महिन्याचं व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, त्यामुळे सहा तारखेला भरलेला हप्ता त्या महिन्यापुरता फुकट जातो. पण मोठी गळती पंधराव्या वर्षी होते. या दराने दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात, म्हणजे खातं पुरं होतं तेव्हा पहिल्या हप्त्याची दुसरी दुप्पट जेमतेम अर्ध्यावर आलेली असते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक घरांत पैसे काढून फ्लॅटला किंवा लग्नाला लावले जातात. खातं पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. पुढे हप्ते भरायचे असतील तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो. भरायचे नसतील तर काहीच करावं लागत नाही. पैसे तिथेच राहू दिले की व्याज चालू राहतं.