पोट फुगतंय म्हणून चपाती सोडलीत? आधी रक्ततपासणी करा

महाळुंगे पडवळमधील आमच्या परिचयातील एका तरुणीचे पोट सहा-सात महिने जेवणानंतर तट्ट फुगत होते. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हते. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून तिने चपाती बंद केली आणि तिन्ही त्रिकाळ बाजरीची भाकरी सुरू केली. ग्लुटेन गहू आणि जवात असते; बाजरी, ज्वारी, नाचणी, तांदळात नसते. महिन्याभरात पोट हलके झाले. तीन महिन्यांनी तिने रक्त तपासले, रिपोर्ट नॉर्मल आला. घरच्यांना हायसे वाटले, आम्हालाही वाटले. पण त्या रिपोर्टवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

मित्रांनो, सिलिअ‍ॅक आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. टीटीजी-आयजीए ही तपासणी त्या वेळी रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे शोधते. ग्लुटेन थांबले की ती हळूहळू कमी होतात, आतडेही भरून येऊ लागते. मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

चपाती सोडून बरे वाटले, म्हणजे सिलिअ‍ॅकच, असेही नाही. गव्हात फ्रुक्टन नावाचे कर्बोदक असते, ते कांदा-लसणातही असते. काहींच्या आतड्यात ते आंबून गॅस होतो. अशा माणसाने गहू कमी केला तरी भागते. सिलिअ‍ॅक असेल तर मात्र आयुष्यभर कणभरही चालत नाही. बाजारातल्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. निव्वळ ग्लुटेनचा त्रास ओळखणारी रक्ततपासणी नाही. आधी सिलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी नाही हे ठरवावे लागते.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "गहू खाताय का?" मग त्यांच्या देखरेखीखाली तिने सहा आठवडे दोन वेळा एकेक चपाती खाल्ली. मध्यम चपातीत साधारण तीन ग्रॅम ग्लुटेन असते. पहिले दोन आठवडे तिचे हाल झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. आधीच न सोडता तपासले असते तर हे टळले असते. त्रास फारच वाढला तर डॉक्टरांना लगेच कळवायचे असते.

यावेळी टीटीजीसोबत एकूण आयजीएही मोजले, कारण काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते आणि रिपोर्ट फसवा येतो. टीटीजी बरेच वाढलेले निघाले. पुढे पुण्यात दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे तपासून निदान पक्के झाले. तोवर चपाती चालूच होती.

आंबेगाव-जुन्नरकडे अनेक घरांत भाकरीच जास्त असते. त्यामुळे काही न सोडताही गहू कमीच पोटात जातो, तेव्हा आपण रोज काय खातो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता जास्त असते. तिच्या भावाचे रक्त पुढच्या आठवड्यात तपासायचे आहे. त्याची चपाती सध्या चालू आहे.