एका एकराचा जमाखर्च

परभणीच्या काळ्या जमिनीत एकरभर सोयाबीन पेरण्याआधी कागदावर एक आकडा काढून ठेवावा : क्विंटलला किती भाव मिळाला तर खर्च निघेल?

उदाहरणादाखल अंदाजी आकडे घेऊ. मशागत-पेरणी ४,०००, तीस किलो बियाणे २,७००, खते २,५००, तणनाशक-फवारणी ३,०००, खुरपणी २,५००, तुषार संचाने एक पाणी १,००० आणि गुत्त्याने काढणी ४,०००. बेरीज १९,७०० रुपये. पीक कमी आले तरी यातले फारसे काही कमी होत नाही. उताऱ्याप्रमाणे बदलते ती मळणी-वाहतूक, क्विंटलमागे ३०० धरू.

सात क्विंटल झाले तर एकूण खर्च २१,८००, म्हणजे क्विंटलला सुमारे ३,११४. चारच झाले तर २०,९०० भागिले चार, ५,२२५! २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ होता. म्हणजे चार क्विंटलला तो मिळूनही हाती जेमतेम चारशे रुपये. बाजारात ४,२०० मिळाले, तर चार हजारांवर तोटा.

म्हणून माझ्या मते खताचा कट्टा वाचवण्यापेक्षा शेंगा भरतानाचे पाणी महत्त्वाचे. तेव्हा पावसाने ओढ दिली तर दाणा बारीक राहतो; हजाराच्या पाण्याने एक क्विंटल वाचला तरी ते परवडते. घरची मजुरीही खर्चात धराच, नाहीतर आकडा फसवतो. हमीभावाने खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, तेव्हा वाळवणीचे दिवसही हिशेबात घ्यावेत.