थेंबाचा हिशेब मांडणारा प्रस्ताव

टायट्रेशनमधली रसायने वाचवायची असतील, तर रसायनशास्त्र विभागाने सगळी प्रयोगशाळा बदलण्याआधी एकाच तुकडीवर, एका सत्रापुरता प्रयोग करून पाहावा. ब्युरेटऐवजी 2 मिलीची अंशांकित पिपेट वापरली, की 20 मिलीच्या जागी जेमतेम 2 मिली द्रावण लागते. अडचण थेंबाची आहे. 0.05 मिलीचा एक थेंब जास्त पडला, तर 20 मिलीत चूक पाव टक्का. 2 मिलीत मात्र अडीच टक्के. म्हणून प्रस्तावात बारीक टोकांचा खर्च धरावा. प्राध्यापकांचा वेळही तासांत मांडावा: पूर्वतयारी, दोन्ही पद्धतींची तुलना, नोंदींची तपासणी. हे तास वेळापत्रकात नसले, की काम रेंगाळते. एकाच द्रावणाची तीन वाचने जुळली नाहीत, तर पद्धत पुढे नेऊ नये, ही अटही आधीच लिहावी.